दादीचा सत्तरचा हिशेब

सातवीच्या वर्गात नफा-तोटा शिकवायला घेतला की आम्ही दरवर्षी फळ्यावर काही लिहिण्याआधी एक साधा प्रश्न विचारतो. "तुमच्या घरी परवा तूरडाळ आली असेल. ती किती रुपये किलोनं आली, आणि खरं तर किती रुपयांनी यायला हवी होती?" पहिल्या अर्ध्या प्रश्नाला चार-पाच हात वर होतात. दुसऱ्याला वर्ग चिडीचूप. जी मुलं शेकडा नफा तोंडी काढतात, तीसुद्धा एकमेकांकडे बघू लागतात. त्यांचा दोष नाही. पुस्तकातल्या गणितात खरेदीची किंमत आधीच छापलेली असते. बाजारात ती कुणी सांगत नाही, आपली आपल्याला काढावी लागते.

ती कशी काढायची, हे आम्हाला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. ते आमच्या घरात अम्मींनी शिकवलं, तेही आम्हाला नाही, आमच्या सनाला. त्याचीच ही गोष्ट.

शाबान सुरू होता. रमजान तोंडावर आलेला आणि घरात वर्षाची डाळ भरायची होती. आम्ही नांदेडला राहतो, अम्मी लातूरला. पण वर्षाची डाळ लातूरचीच घ्यायची, हा अम्मींचा नेम. नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून मोंढ्यात यायला लागते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत आवक जोरात असते. तेव्हा डाळही ताजी मिळते आणि भावही त्या मानानं खाली असतो. म्हणून एका शनिवारी आम्ही सनाला घेऊन लातूर गाठलं. सना तेव्हा सहावीत होती.

संध्याकाळी पोरगी मोठ्या रुबाबात घरी आली. फुफूबरोबर गोलाईत जाऊन तिनं चपला आणल्या होत्या. "दादी, त्यानं चारशे सांगितले. मी म्हटलं दोनशे. अडीचशेला आणल्या!"

अम्मी सुपात गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "चप्पल होती कितीची?"

"चारशेची."

"ते त्यानं सांगितलेले. मी विचारते, होती कितीची?"

सनाला उत्तर सुचेना. अम्मी म्हणाल्या, "ती दीडशेची असेल तर तू शंभरानं फसलीस. तीनशेची असेल तर तू त्या गरिबाचे पन्नास मारलेस. मग तू जिंकलीस का हरलीस, हे तुला कळलं कसं?"

सनाचा चेहरा उतरला. आम्हीही जरा वरमलो, कारण 'अर्धा भाव सांगायचा' ही युक्ती तिनं आमच्याकडूनच उचलली होती. ती युक्ती दुकानदारालाही पाठ असते. म्हणून तर तो आधीच दुप्पट सांगतो. आपण अर्ध्यावर आलो की त्याच्या मनातलाच भाव आपल्या तोंडून निघतो.

"भाव पूछने से पहले भाव मालूम होना, बेटा," अम्मी म्हणाल्या. "उद्या आपल्याला डाळ घ्यायची आहे. ती कितीची आहे, ते आज रात्रीच काढू."

अम्मींना हे कुठून माहीत, ते सांगायला हवं. अब्बा लातूरच्या मोंढ्यात हमाली करायचे आणि अम्मींनी लग्नानंतर बरीच वर्षं डाळ मिलमध्ये रोजंदारीनं काम केलं. चाळणीवर बसायचं, डाळीतले खडे आणि न सोललेली तूर वेचायची. शाळेची पायरी त्यांनी चढली नाही. पण तुरीची डाळ होताना त्यांनी इतक्या वेळा पाहिली आहे की पोत्याकडे बघून त्यातून किती डाळ निघेल, ते सांगतात.

त्या रात्री त्यांनी सनाला सगळं ओळीनं सांगितलं. मोंढ्यातून आलेली तूर आधी चाळून घेतात. काडी, माती, खडे बाजूला होतात. मग ती खरबरीत रुळातून काढतात, म्हणजे टरफलाला ओरखडे पडतात. त्यावर थोडंसं तेल चोळून रात्रभर ठेवतात. मग दोन-चार दिवस उन्हात वाळवतात, हलकं पाणी मारतात, पुन्हा वाळवतात आणि पुन्हा रुळातून काढतात. तेव्हा कुठं टरफल सुटतं आणि दाण्याची दोन दलं होतात. तुरीचं टरफल दाण्याला डिंकासारखं चिकटलेलं असतं, म्हणून एवढा खटाटोप.

"आता सांग," अम्मी म्हणाल्या, "शंभर किलो तूर घातली तर डाळ किती निघेल?"

"शंभर किलो?"

"टरफल कुठं गेलं? कणी कुठं गेली? भुगा कुठं गेला?"

हिशेब असा निघाला. शंभर किलो तुरीतून चांगली डाळ साधारण सत्तर किलो निघते. दाणा टपोरा आणि कोरडा असेल, मिल चांगली असेल, तर दोन-चार किलो जास्त. दाणा बारीक किंवा ओलसर असेल तर त्याहून कमी. उरतं ते टरफल, कणी आणि भुगा. त्याला आपल्याकडे चुनी म्हणतात आणि ती जनावरांना घालायला विकली जाते. अम्मींचा ठोकताळा असा की चुनीचे जे पैसे येतात, त्यात मिलची मजुरी आणि लाइटबिल जवळपास भागतं. म्हणून ते दोन्ही सोडून द्यायचं आणि तुरीच्या क्विंटलच्या भावाला सरळ सत्तरनं भागायचं. येईल तो डाळीचा मिलमधला भाव.

सकाळी शेजारच्यांकडून पेपर आणला. मोंढ्यातला तुरीचा भाव होता ७००० रुपये क्विंटल. सनानं वहीत भागाकार केला. शंभर रुपये किलो.

"म्हणजे दुकानात शंभरला मिळाली पाहिजे!" सना उडालीच.

"आणि दुकानदारानं काय हवा खायची?" अम्मी म्हणाल्या. "त्याचं भाडं, पोऱ्याचा पगार, पोत्यात निघणारी घट, आणि त्याच्या लेकराचं शिक्षण. शंभराला दहा त्याचे. निवडून काढलेली, अख्ख्या दलाची फटका डाळ असेल तर वर दोन-तीन रुपये आणखी. आता लिही."

सनानं वहीत लिहिलं, ११० ते ११५. त्याखाली दोन रेघा ओढल्या.

लातूरची गोलाई ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली ही गोल, दुमजली इमारत १९१७ सालची. तिच्याभोवती सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या रस्त्यांवर सोन्यापासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळा बाजार भरलेला असतो. अम्मींचं ठरलेलं दुकान अशाच एका रस्त्यावर, पण त्या दिवशी ते बंद होतं. म्हणून आम्ही शेजारच्या, ओळख नसलेल्या दुकानात गेलो. आता वाटतं, बरं झालं.

"अप्पा, डाळ काय भाव?"

"एकशे चाळीस, चाची. एक नंबर माल."

सनानं आमचा हात दाबला. आम्हाला वाटलं, अम्मी आता आकडा टाकणार. पण त्यांनी भावाचं नावच काढलं नाही. मूठभर डाळ घेतली, दोन तळव्यांत चोळली आणि हात सनापुढे धरला. तळवा कोरडा होता. जास्त तेलपाणी लावून चमकवलेली डाळ हाताला ओशट लागते, हे तिला दाखवायचं होतं. मग एक दल दाताखाली धरलं. कट् आवाज झाला आणि तुकडा पडला. ओलसर डाळ अशी तुटत नाही, चेपते, आणि तिच्यात आपण पाण्याचे पैसे मोजतो. शेवटी त्यांनी डाळ तळहातावर पसरली आणि चपटे, तिरके कापल्यासारखे दाणे आहेत का ते पाहिलं. तसे दाणे लाखेच्या डाळीचे असतात. तुरीचं दल एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं गोल असतं.

"माल चांगला आहे अप्पा," त्या म्हणाल्या. आम्ही चपापलो. घासाघीस करताना मालाला नावं ठेवायची असतात, असंच आम्ही आजवर समजत होतो. "मोंढ्यात तूर सात हजारानं निघतेय ना?"

अप्पांनी चष्मा सारखा केला. "निघते. पण हा माल आमचा जुना आहे, चाची. महागात घेतलेला."

"जुन्या डाळीला भोकं असतात, रंगही उतरलेला असतो. ही तर नवी दिसते. अजून तुरीचा वास येतोय."

अप्पा हसले. "बरं, एकशे पंचवीस द्या."

अम्मींनी सनाकडे पाहिलं. पोरीनं वही उघडली आणि जरा घाबरतच, पण नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, सात हजार भागिले सत्तर, शंभर. दहा तुमचे. दोन फटका डाळीचे. एकशे बारा."

दुकानातला पोऱ्या हातातलं माप तसंच धरून बघत राहिला. अप्पा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बेटा, मिलमधून इथपर्यंत टेम्पो आला, त्याचं कोण देणार? हमालानं पोतं उतरवलं, त्याचं?"

हमालाचं नाव निघताच अम्मी लगेच म्हणाल्या, "बरोबर आहे. सना, ते तू धरलंच नाहीस. हमालाचे कापायचे नाहीत. किती, अप्पा?"

"किलोला दोन लावा."

एकशे चौदा. सौदा ठरला. पंचवीस किलोचे २८५० रुपये झाले. एकशे चाळीसनं ते ३५०० झाले असते. तोलाच्या आधी अम्मींनी घरून आणलेली रिकामी पिशवी काट्यावर ठेवायला लावली आणि आकडा पुन्हा शून्यावर आणून घेतला. अप्पांनी ते आनंदानं केलं. निघताना त्यांनी सनाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि विचारलं, "कोणत्या शाळेत गं?"

रात्री सनानं विचारलं, "दादी, तो काका एकशे पाचलाही तयार झाला असता. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही थांबलात का?"

अम्मी म्हणाल्या, "दोन कारणं. पहिलं दुनियेचं. हक्काच्या भावाखाली दाबलं की दुकानदार तोंडानं हो म्हणतो आणि हातानं भरून काढतो. तोलात काढील, नाहीतर वर चांगला माल आणि खाली कणी घालील. आपल्याला वाटतं स्वस्त मिळालं."

"आणि दुसरं?"

दुसऱ्या कारणासाठी त्यांनी जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा प्रसंग सांगितला. हदीसच्या किताबांत तो येतो. त्यांच्या माणसानं त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरवून आणला. घोड्याचा मालक पैसे घ्यायला आला. जरीर (रजि.) यांनी घोडा पाहिला आणि त्यालाच सांगितलं, तुझा घोडा तीनशेहून जास्त किमतीचा आहे. चारशे घेतोस का? मग आणखी वाढवलं. असं करत करत आठशेला घेतला. कुणी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, प्रत्येक मुसलमानाचं भलं चिंतीन, अशी मी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हातावर शपथ घेतली आहे.

"विकणाऱ्यानं कमी सांगितलं तरी?" सनाला खरं वाटेना.

"भाव माहीत असणं ही दुधारी सुरी आहे, बेटा. आपल्याला कापू देत नाही, आणि आपल्यालाही दुसऱ्याला कापू देत नाही."

आम्हाला वाटलं, गोष्ट इथं संपली. पण ती नांदेडला येऊन पुढे सरकली.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सनाला दोनशे रुपये देऊन देगलूर नाक्याजवळ पाठवलं. तिथं रस्त्याच्या कडेला खेड्यावरच्या एक मावशी जात्यावर भरडलेली डाळ घेऊन बसायच्या. घरात लातूरची डाळ होती, पण जात्यावरच्या डाळीच्या खट्ट्या दालची चव वेगळी लागते. त्या शंभर रुपये किलो सांगतात, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून दोन किलो आण म्हणून सांगितलं.

सना दीड किलो घेऊन आली. पैसे एकही परत नाही.

रोजा होता, डोकं तापलेलं होतं. आम्ही बोललो. "एवढं दादीनं शिकवलं आणि तू दीडशेच्या डाळीचे दोनशे देऊन आलीस?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं वही काढली. तिच्याआधी एक गृहस्थ मावशींशी ऐंशीसाठी भांडून गेले होते. ते ऐकताना तिनं विचारलं होतं, "मावशी, जात्यावर किती डाळ निघते?" मावशी म्हणाल्या, मिलसारखी नाही निघत, पायलीमागं बरीच चुनी होते. शंभराला साठ-बासष्ट धर. सनानं गणित मांडलं. एक किलो डाळीला एक किलो सहाशे ग्रॅम तूर लागते. तूर सत्तर रुपये किलो. म्हणजे एका किलोत ११२ रुपयांची नुसती तूर. आणि मावशी शंभर सांगत होत्या! भिजवणं, वाळवणं, भरडणं, पाखडणं, एसटीचं भाडं, उन्हात बसणं, हे सगळं वेगळंच.

"मी त्यांना विचारलं, मावशी, तुम्ही शंभर का सांगता? त्या म्हणाल्या, दुकानात एकशे वीसला मिळते, म्हणून आम्ही शंभर सांगतो. नाहीतर कोण घेईल?"

आम्ही गप्प झालो. त्या बाईलासुद्धा आपल्या डाळीचा भाव माहीत नव्हता. तिनं तो दुकानावरून काढला होता, स्वतःच्या तुरीवरून काढलाच नव्हता. दुकानाची डाळ सत्तर किलोची आणि तिची बासष्टची, हा फरक तिनं कधी धरलाच नाही. आणि आम्ही, शिकलेले लोक, तिच्या शंभरातही स्वस्ताईचा आनंद मानत होतो.

इफ्तारनंतर सनानं दादीला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर अम्मींनी आधी शाबासकी दिलीच नाही. हिशेब तपासला.

"चुनीचं काय केलंस?"

"चुनी?"

"एका किलोमागं अर्धा किलोच्या वर चुनी निघते. ती तिच्या म्हशीला जाते. वीसनं धर, अकरा रुपये झाले. एकशे बारातून वजा कर."

"एकशे एक."

"म्हणजे माल शंभराचाच होता. तिचा तोटा नव्हता, तिची मेहनत फुकट जात होती. मेहनतीचे वीस धर. एकशे वीस हा तिचा हक्क. तू दिलेस एकशे तेहतीस. वरचे तेरा तुझ्या खुशीचे, त्याचा हिशेब अल्लाहकडे."

मग थोडं थांबून विचारलं, "तिला सांगितलंस ना, हे कसं काढायचं?"

"हो. त्यांच्या पिशवीवर पेननं लिहून दिलं."

"मग ठीक आहे," अम्मी म्हणाल्या. फोन ठेवायच्या आधी त्यांचा आवाज जरा ओला झाल्यासारखा आम्हाला वाटला. त्यांच्या मिलमधल्या रोजंदारीच्या दिवसांत हा भागाकार त्यांना कुणी लिहून दिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही सनाबरोबर स्वतः गेलो. मावशी तिथंच बसल्या होत्या. सनाला पाहून पदर सारखा करत हसल्या. आम्ही भाव विचारला.

"एकशे पंचवीस," मावशी ठामपणे म्हणाल्या.

आम्ही पाकीट काढत होतो. सनानं आमचा हात धरला, डाळीची चिमूट उचलली, एक दल दाताखाली धरल्यासारखं केलं, मग रोजा आठवून हात खाली घेतला आणि म्हणाली, "मावशी, चुनी धरली का?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि खो-खो हसल्या. एकशे वीसवर सौदा झाला.